कारल्याचा कडूपणा: पिळून काढावा की जिभेपासून लपवावा?

श्रावण जवळ आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तवशी, दोडकी आणि पडवळांच्या शेजारी गावठी कारल्यांचे छोटे ढीग दिसू लागतात. घरी आणलेले कारले चिरताना आमच्या काकींचा नियम ठरलेला असायचा: काप करायचे, मूठभर मीठ चोळायचे, अर्धा तास ठेवायचे आणि मग फडक्यात बांधून घट्ट पिळायचे. "पाणी सगळं काढलं नाहीस, तर पोरं ताटाला हात लावायची नाहीत," असे त्या म्हणत, आणि मुलांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खरेही ठरत असे. मात्र पिळून निघालेले ते हिरवट पाणी मोरीत ओतताना मला दरवेळी वाटायचे की कडूपणाबरोबर आणखी काय वाहून जाते, हे एकदा नीट पाहायला हवे. त्यासाठी कडूपणा कशाचा आहे, तो फळात कुठे असतो आणि कोणत्या उपायाने तो नेमका कुठे जातो, हे आधी समजून घ्यावे लागते.

कारल्याचा कडूपणा क्विनीनमुळे येतो असा एक समज आहे, पण तो बरोबर नाही. क्विनीन हे सिंकोना झाडाच्या सालीतले द्रव्य आहे आणि कारल्याशी त्याचा संबंध नाही. कारल्यातली कडू द्रव्ये ट्रायटर्पिनॉइड या गटातली आहेत, आणि त्यांतल्या काहींना मोमोर्डिकोसाइड आणि मोमोर्डिसिन अशी नावे आहेत. ही नावे 'मोमोर्डिका' या कारल्याच्या शास्त्रीय नावावरूनच पडली आहेत. या रेणूंचा मुख्य सांगाडा तेलकट स्वभावाचा, म्हणजे पाण्यापासून दूर राहणारा असतो. मात्र त्यांतल्या अनेकांना साखरेचा एखादा रेणू जोडलेला असतो आणि त्या जोडणीमुळे ते काही प्रमाणात पाण्यातही विरघळतात. हा दुहेरी स्वभाव लक्षात ठेवावा, कारण कडूपणा कमी करण्याचा प्रत्येक उपाय याच्याच आधारे चालतो. मिठाने सुटलेल्या पाण्यात कडूपणा उतरतो, कारण तो थोडा पाण्यात विरघळतो. खोबरे आणि दही घातल्यावर तो बोथट होतो, कारण त्याचा मोठा भाग तेलकट असतो.

वेलीला ही द्रव्ये लागतात ती पाने आणि कोवळी फळे कुरतडणाऱ्या किड्यांपासून बचाव करण्यासाठी. कारल्याचे पान जिभेवर ठेवून पाहिले, तर तेही तितकेच कडू लागते. फळ पिकून नारिंगी झाले आणि तडकले, की आतल्या बियांभोवती लाल, गोड गर दिसतो, आणि तो खायला पक्षी येतात व बिया दूर नेतात. म्हणजे बी तयार होईपर्यंत फळ कडूपणाने राखायचे आणि बी तयार झाल्यावर गोड गराने पाहुणे बोलवायचे, अशी ही वेलीची व्यवस्था आहे. आपण मात्र फळ कोवळे असताना, म्हणजे राखण चालू असतानाच तोडतो.

याच भोपळ्याच्या कुळात काकडी, दुधी आणि दोडके येतात, आणि त्यांतही कडू द्रव्ये तयार करण्याची क्षमता आहे. काकडीचे देठाकडचे टोक कधी कधी कडू निघते, ते त्यामुळेच. इथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. कारले कडू असणे हा त्याचा स्वभाव आहे, पण दुधी किंवा दोडके कडू लागले तर ते लगेच टाकून द्यावे. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची द्रव्ये वाढलेली असतात आणि त्यांमुळे तीव्र उलट्या आणि रक्तस्राव झाल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या प्रश्नाचा अभ्यास करून कडू दुधीचा रस न पिण्याचा सल्ला दिला होता. "कारले कडू चालते, मग दुधीही चालेल" हा तर्क म्हणूनच धोकादायक आहे.

आता जिभेकडे वळू. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत, तर गोड चवीसाठी मुख्यतः एकच जोडी काम करते. निसर्गात बरीच विषारी द्रव्ये कडू असल्याने कडूपणाबद्दल आपले शरीर इतके सावध असते. हे ग्राही प्रत्येकाच्या जनुकांप्रमाणे थोडे वेगवेगळे असतात, म्हणून एकाच ताटातली भाजी एकाला खमंग वाटते आणि दुसऱ्याला गिळवत नाही. मुलांना कडू जास्त नकोसे वाटते, हा त्यांचा हट्ट समजू नये. तेलकट स्वभावामुळे कारल्याची कडू द्रव्ये जिभेला चिकटून राहतात, म्हणून त्यावर पाणी प्यायले तरी चव जात नाही, पण ताकाचा घोट घेतला की ती लवकर ओसरते.

मिठाचे काम मात्र बहुतेकांना अर्धेच माहीत असते. मीठ कापांतून पाणी ओढून काढते हे आपण डोळ्यांनी पाहतो. याखेरीज मिठातला सोडियम जिभेवर अनेक कडू द्रव्यांची जाणीव थेट दाबतो, हे १९९० च्या दशकातल्या चवीवरच्या प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे कापांत मुरलेले थोडे मीठ, एक थेंबही पाणी न पिळता, कडूपणा कमी झाल्यासारखा वाटायला लावते. हे एकदा पटले की फडक्यात घालून शेवटच्या थेंबापर्यंत पिळण्याची गरज आपोआप कमी होते.

आता पोषणाच्या बाजूचा हिशेब मांडू. कारल्यातल्या ज्या गोष्टींची आपल्याला पर्वा आहे, त्यांत क जीवनसत्त्व, फोलेट, पोटॅशियम आणि तंतू ही मुख्य आहेत. तंतू आणि हिरवी रंगद्रव्ये फळाच्या सालीत आणि गरात घट्ट असतात, ती पाण्याबरोबर जात नाहीत. उरलेली तिन्ही मात्र पाण्यात सहज विरघळतात, आणि त्यांतले क जीवनसत्त्व उष्णतेने व हवेच्या संपर्कानेही नष्ट होते. म्हणून क जीवनसत्त्व किती उरले, हे एकच माप डोळ्यांपुढे ठेवले तरी बाकीच्यांचा अंदाज येतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. मी मध्यम आकाराची, हिरवीगार, बोट दाबल्यावर कडक लागणारी कारली घेतली आणि बिया काढल्यावर काट्यावर २५० ग्रॅम भरली. अमेरिकी कृषी खात्याच्या अन्नघटक सारणीत १०० ग्रॅम कच्च्या कारल्यात ८४ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले आहे. जात आणि ताजेपणा यांप्रमाणे हा आकडा बदलतो, पण हिशेबासाठी तोच धरला, तर आपल्या कापांत सुमारे २१० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व होते. कारल्यात जवळपास ९४ टक्के पाणी असते, म्हणजे या कापांत सुमारे २३५ ग्रॅम पाणी होते.

कापांना एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ते ६ ग्रॅम मीठ चोळून ते चाळणीत ठेवले आणि चाळणीखाली वाटी ठेवली. पंधरा मिनिटांनी तळहाताने हलके दाबल्यावर वाटीत सुमारे ३० ग्रॅम पाणी जमले. क जीवनसत्त्व पाण्यात सारखे पसरलेले आहे असे धरले, तर २३५ पैकी ३० म्हणजे जवळपास १३ टक्के, अर्थात २७ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व वाटीत गेले. दुसऱ्या दिवशी तेवढेच काप काकींच्या पद्धतीने अर्धा तास ठेवून फडक्यात घट्ट पिळले, तेव्हा पाणी सुमारे ७० ग्रॅम निघाले. तोच हिशेब लावला तर तोटा जवळपास ३० टक्के, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या थोडा पुढे जातो. हे अंदाज आहेत, प्रयोगशाळेतली मापे नव्हेत, पण दोन पद्धतींतले अंतर दाखवायला ते पुरेसे आहेत.

दोन्ही वेळा निघालेल्या पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवून पाहिला. दोन्ही पाणी चांगलेच कडू होते, पण पिळलेले कापही पूर्ण सौम्य झाले नव्हते. कारण स्पष्ट आहे. कडू द्रव्यांचा पाण्यात विरघळणारा भाग बाहेर पडला, आणि तेलकट भाग गरातच राहिला. क जीवनसत्त्व मात्र पाण्यात पूर्ण विरघळते, त्यामुळे घट्ट पिळण्यात कडूपणापेक्षा जीवनसत्त्वच अधिक सहजतेने हातून जाते. म्हणून माझे मत असे आहे की मीठ लावावे, पण पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि दाबावे तेही हलकेच.

वेळ कमी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. काकडी आणि भोपळ्याच्या कुळातल्या भाज्यांत क जीवनसत्त्वाचे विघटन करणारे एक एन्झाइम भरपूर असते, आणि त्याचे नाव अॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज. अखंड फळात ते आणि जीवनसत्त्व वेगवेगळ्या ठिकाणी असतात. सुरी चालली की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि हवेच्या साथीने काम सुरू होते. सकाळी चिरून दुपारी फोडणी देणे, किंवा रात्रीच चिरून फ्रिजमध्ये ठेवणे, यांत भाजीचा रंग ताजा दिसला तरी जीवनसत्त्व कमी होत राहते. कारले शिजवायच्या थोडाच वेळ आधी चिरावे, एवढे पथ्य पुरे आहे.

मिठाबाबत एक काळजी घ्यावी लागते. चोळलेल्या मिठापैकी बराचसा भाग काप हलके दाबले तरी त्यांच्यावर आणि त्यांच्यात राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. त्यामुळे भाजीत वेगळे मीठ घालण्याआधी एक काप चाखावा, बहुतेक वेळा वरून मिठाची गरज नसते. रक्तदाबाच्या रुग्णाच्या घरी तर मीठ लावण्याची पायरी गाळून पुढे दिलेल्या दुसऱ्या उपायांकडे वळावे, हे मला अधिक योग्य वाटते. मिठाचे काप धुऊन घ्यावेत असे काही जण सुचवतात, पण धुण्याने उरलेली पोटॅशियम आणि जीवनसत्त्वेही वाहतात, म्हणून मी ते टाळते.

उकळून पाणी फेकणे ही पद्धत मला सर्वांत महाग वाटते. कारल्याची कडू द्रव्ये उष्णतेने सहज मोडत नाहीत, त्यामुळे उकळल्यावर जो कडूपणा कमी होतो तो पाण्यात उतरल्यामुळे होतो. क जीवनसत्त्वाचे मात्र दुहेरी नुकसान होते, कारण ते पाण्यातही उतरते आणि उष्णतेने मोडतेही. उकळलेले पाणी हिरवे आणि कडू दिसले की "कडूपणा निघाला" असे समाधान वाटते, पण त्याच पाण्यात फोलेट आणि पोटॅशियमही आहे.

साल आणि आतला गर यांबाबतही थोडे सांगितले पाहिजे. कारल्याचे खवले खरवडून काढावेत की नाहीत, यावर घरोघरी मतभेद असतात. कडूपणा हिरव्या भागात जास्त असतो, त्यामुळे वरचे टोकदार उंचवटे सुरीच्या पाठीने हलके खरवडले तर थोडा फरक पडतो, पण सालच सोलून काढली तर तंतू आणि हिरवी रंगद्रव्ये हातची जातात. आतला पांढरा कापसासारखा भाग बियांबरोबर काढण्याची आपली सवय आहे, पण कोवळ्या कारल्याचा तो भाग वेगळा चाखून पाहिला तर हिरव्या गरापेक्षा सौम्य लागतो. म्हणून कोवळ्या फळात मी तो ठेवते. कडक झालेल्या बिया मात्र नेहमी काढते. कारल्याच्या बियांत व्हायसिन नावाचे द्रव्य असते, आणि जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या माणसांनी ते टाळलेलेच बरे.

काढण्यापेक्षा लपवणे हा मला जास्त पटणारा मार्ग आहे, कारण त्यात काहीच फेकले जात नाही. आपल्याकडे गोव्यात कारल्याच्या भाजीत ओले खोबरे, गूळ आणि सोलां, म्हणजे आमसुले, हमखास पडतात, आणि या तिघांची कामे वेगवेगळी आहेत. खोबऱ्यातल्या तेलात कडू द्रव्यांचा तेलकट भाग ओढला जातो, त्यामुळे तोंडातल्या लाळेत ती कमी प्रमाणात उतरतात आणि ग्राहींपर्यंत कमी पोहोचतात. गूळ हे काम जिभेपेक्षा मेंदूत करतो, कारण गोड आणि कडू या दोन्ही संवेदना एकत्र आल्या की एक दुसरीला दाबते. त्यासाठी भाजी गोड होण्याइतका गूळ लागत नाही, सुपारीएवढा खडा पुरतो. सोलांचा आंबटपणा चवीचे लक्ष दुसरीकडे वळवतो, आणि शिवाय आम्लामुळे क जीवनसत्त्व शिजताना थोडे जास्त टिकते.

सोलां कधी घालावीत हा मात्र महत्त्वाचा प्रश्न आहे. आंबट पदार्थ लवकर घातला तर भाजी मऊ व्हायला वेळ लागतो, कारण आम्लामुळे वनस्पतीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन सहज सुटत नाही. मग भाजी जास्त वेळ शिजवावी लागते आणि जीवनसत्त्व वाचवण्याचा हेतू तिथेच हरतो. म्हणून माझ्या घरी क्रम असा असतो. कढईत दोन चमचे खोबरेल तापवून मोहरी, हिंग आणि हिरवी मिरची यांची फोडणी करायची, हलके दाबलेले २५० ग्रॅम काप घालून परतायचे, आणि पाणी न घालता झाकण ठेवून मंद आचेवर सहा-सात मिनिटे ठेवायचे. कापात सुरीचे टोक सहज शिरले, पण कापाने आकार सोडला नाही, की तीन-चार सोलां आणि गुळाचा खडा घालून दोन मिनिटे हलवायचे, आणि आच बंद केल्यावर अर्धी वाटी ओले खोबरे मिसळायचे. खोबरे शेवटी घातले की ते कोरडे पडत नाही आणि त्याचे तेल कापांना चिकटते. भाजी दहा मिनिटे झाकून ठेवली की कडूपणा अधिक बोथट लागतो, असा माझा अनुभव आहे. भांडे मात्र कल्हई नसलेले तांब्याचे किंवा पितळेचे नको. तांब्यामुळे क जीवनसत्त्व जलद नासते, आणि सोलांचे आम्ल धातू भाजीत उतरवते.

मीठ टाळायचे असेल तर दही हा चांगला पर्याय आहे. चार चमचे दह्यात काप वीस मिनिटे ठेवले, तर दह्यातली केसिन प्रथिने आणि स्निग्धांश कडू द्रव्यांना धरतात. ते दही फेकायचे नाही, त्यासकट भाजी करायची किंवा थोडे ताक घालून कढीसारखे शिजवायचे. दही फुटू नये म्हणून आच मंद ठेवावी आणि चमचाभर तांदळाचे पीठ आधीच मिसळावे. इथे पाणी बाहेर पडलेच नाही, त्यामुळे नुकसान फक्त उष्णतेचे.

रवा लावून तव्यावर खरपूस केलेल्या कारल्याच्या फोडी मुलांना जास्त आवडतात, आणि त्याचेही कारण समजण्यासारखे आहे. फोडी पातळ असल्याने त्यांतले पाणी उडते, कडेला तांबूस रंग येतो आणि भाजल्याची गोडसर, खमंग चव कडूपणावर मात करते. क जीवनसत्त्व मात्र पातळ कापांत जास्त जाते, कारण उष्णता सगळीकडे पोहोचते. तंतू आणि खनिजे टिकतात, म्हणून मी फोडींना चवीचा पदार्थ समजते आणि त्याच दिवशी ताटात तवशीची कोशिंबीर ठेवते.

कडूपणा कमी केला की कारल्याचा "औषधी गुण" जातो, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो, विशेषतः मधुमेह असलेल्या घरांत. कडू द्रव्यांपैकी काहींचा साखरेवर परिणाम होतो का, यावर बरेच संशोधन झाले आहे. मात्र २०१२ सालच्या कॉक्रेन समीक्षेने माणसांवरच्या उपलब्ध चाचण्या तपासून मधुमेहासाठी कारल्याची शिफारस करण्याइतका पुरावा नसल्याचे नोंदवले. कडूपणा आणि पोषण यांची गल्लत इथेच होते. क जीवनसत्त्व, फोलेट, तंतू आणि पोटॅशियम ही कडूपणापेक्षा वेगळी द्रव्ये आहेत, आणि कडूपणा झाकल्याने त्यांच्यावर परिणाम होत नाही. साखर कमी करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या व्यक्तीने रोज कारल्याचा कडू रस पिऊ नये, डॉक्टरांना विचारल्यावाचून तर मुळीच नाही, कारण साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. गरोदरपणीही रस टाळण्याचा सल्ला दिला जातो. ताटातली वाटीभर भाजी ही वेगळी गोष्ट आहे.

काकींनी पिळलेल्या पाण्याचे काय करावे, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला आहे. हलके दाबून निघालेले ते पाणी खारट आणि कडू असते, म्हणून एकट्याने पिण्याजोगे नाही, पण ते पिठात मिसळून तांदळाच्या भाकरीचे पीठ मळता येते. मीठ त्यातच असल्याने वेगळे घालावे लागत नाही, आणि भाकरीच्या तुकड्याबरोबर तीच भाजी खाल्ली तर घरात कोणालाही ती भाकरी वेगळी लागत नाही.